ब्रोमेलियाडच्या बेचक्यातली पिल्लं

मार्च लागला की ओळखीपाळखीतून एकदोन फोन हमखास येतात. दिवाळीत किंवा वास्तुशांतीला कुणीतरी दिलेलं ते लाल तुऱ्याचं झाड. चार महिने असं टवटवीत होतं की पाहुणे बोट लावून बघायचे, प्लास्टिकचं तर नाही ना म्हणून. आता तुरा वरून तपकिरी पडत चाललाय. पाणी जास्त झालं का? कमी झालं का? खत घालू? उन्हात ठेवू? आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "टाकून देऊ का?"

पाणी, खत, ऊन यांतलं बहुधा काहीच चुकलेलं नसतं. त्या झाडाचं फुलायचं काम झालं, ते आता हळूहळू मरणार. पण टाकून मात्र देऊ नका, कारण त्याच्या पानांच्या बेचक्यात पुढचं झाड एव्हाना तयार व्हायला लागलेलं असतं.

आपल्याकडे नर्सरीत 'ब्रोमेलियाड' म्हणून जे जास्त विकलं जातं ते गुझमानिया. गुळगुळीत, बिनकाट्यांची हिरवी पानं कमळासारखी गोल मांडलेली आणि मधून लाल, केशरी किंवा पिवळा तुरा. हे मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतलं, तिथे ते बहुतेक वेळा मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतं. खानदान मात्र आपल्या ओळखीचं आहे, कारण अननस याच कुळातला. कुळाचं नाव ब्रोमेलिया या वनस्पतीवरून आलं आणि तिला ते नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याच्या आठवणीसाठी दिलं. या प्लुमिएचं स्वतःचं नाव पुढे आपल्या देवळातल्या चाफ्याला मिळालं, प्लुमेरिया. चाफाही अमेरिकेतूनच आलेला. तेव्हा 'हे परदेशी झाड आपल्याकडे कसं टिकणार' असं म्हणायचं काही कारण नाही.

आता हे झाड मरतं का ते बघू. जास्वंदीला फूल येतं ते एका फांदीच्या बगलेत. फूल गळलं तरी फांदीचा शेंडा वाढतच राहतो. गुझमानियाला फांद्या नाहीत, शेंडा एकच, आणि तो पानांच्या चक्राच्या अगदी मध्यभागी, खाली दडलेला. त्याच एका शेंड्यातून एकामागून एक पानं निघतात. एक दिवस तो शेंडा पानं करायचं सोडून तुरा करायला घेतो आणि त्यातच संपतो. मग नवं पान निघणार कुठून? आहेत ती पानं वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतात, बाहेरच्या बाजूने एकेक करून वाळतात आणि झाड आटोपतं. आपल्याला हे नवीन नाही. केळीचं असंच असतं. घड उतरवला की तो खुंट पुन्हा कधी वेणार नाही हे माहीत असतं, म्हणून आपण तो तोडतो आणि बुडाशी आलेला मुनवा राखतो. गुझमानियाची पिल्लं म्हणजे मुनवेच. शेंडा कामाला होता तोवर पानांच्या बेचक्यातले डोळे त्याने दाबून ठेवलेले असतात. तो तुऱ्यात संपला की दाब सुटतो आणि डोळे जागे होतात.

ज्याला आपण फूल म्हणतो ते खरं तर फूल नसतं, हेही इथेच सांगतो. तो लाल भाग म्हणजे रंगीत पानंच. खरी फुलं लहानशी, पांढरी-पिवळसर, त्या लाल पानांच्या आतून डोकावतात आणि दोनेक दिवसांत मिटतात. बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाहीत. म्हणून 'फूल चार महिने टिकलं' हे वाक्य तसं खोटं असलं तरी विकणाऱ्याच्या सोयीचं असतं.

तुरा निम्म्याहून जास्त तपकिरी झाला की कापा. ओढून उपटू नका. तो खाली बुडापर्यंत गेलेला असतो आणि ओढताना मधला भाग फाटतो. कात्री पानांच्या मधे जितकी खाली जाईल तितकी घालून दांडा कापायचा. राहिलेला खुंट आपोआप वाळतो. तुरा न कापताही पिल्लं येतात, पण वाळका दांडा मधल्या पाण्यात कुजत राहिला तर वास मारतो.

इथून पुढे लोक एक चूक हटकून करतात. झाड मरणारच आहे म्हटल्यावर त्याला कोपऱ्यात सारतात आणि पाणी तोडतात. खरं तर आता ती हिरवी पानं हीच पिल्लांची शिदोरी. गुझमानियाची पानं बुडाशी एकमेकांना इतकी घट्ट चिकटलेली असतात की मधे द्रोण तयार होतो. जंगलात पावसाचं पाणी, गळलेला पाला, मेलेले किडे असं सगळं त्या द्रोणात साठतं आणि पानांच्या बुडावरचे बारीक खवले ते पाणी आणि त्यात विरघळलेलं अन्न शोषून घेतात. मुळं मुख्यतः फांदीला धरून राहण्यापुरती. म्हणजे हे झाड पितं आणि जेवतं ते पानांनी. आईच्या द्रोणात पाणी असेल, पानं हिरवी असतील, तर पिल्लू तिच्या जिवावर झपाट्याने वाढतं. ती सुकली की ते उपाशी पडतं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या झाडाची गोष्ट सांगतो, कारण त्यात एक चूक आणि एक बरोबर असे दोन्ही नमुने आहेत. पुण्यातला पूर्वेचा गच्चीवजा सज्जा, त्यावर हिरवी जाळी. तुरा मार्चमध्ये कापला. मेच्या मध्याला खालच्या दोन पानांच्या मधे पोपटी टोक दिसलं आणि आठवड्याभरात विरुद्ध बाजूला दुसरं. गुझमानियाची पिल्लं मातीतून वर येत नाहीत, पानांच्या बेचक्यातून येतात, त्यामुळे शोधताना खालची पानं हलकेच बाजूला करून बघावं लागतं. मला घाई फार. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, सगळी लावणीची धामधूम, मीही पहिलं पिल्लू कापलं. उंची जेमतेम तीन इंच. कुंडीत लावलं, दोन आठवडे ठीक दिसलं, मग मधलं पान फिकट झालं. चिमटीत धरून बघितलं तर ते अलगद वर आलं, टोकाला तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वास. हीच कुजल्याची खूण. मधलं पान ओढल्यावर सहज हातात आलं की ते रोप गेलं समजावं. खतपाण्याने ते परत येत नाही.

ते का कुजलं हे मला नर्सरीतल्या काकांनी समजावलं. त्यांनी दुसरं पिल्लू न कापता बोटाने दाबून दाखवलं. "बघा, बूड अजून काकडीसारखं आहे. टाच धरली नाही याने." पिल्लाचं बूड सुरुवातीला पांढरं, मऊ असतं. त्याला स्वतःची मुळं नसतात, पानं इतकी थोडी की पाणी धरणारा द्रोणही झालेला नसतो. असं पिल्लू कापलं की त्याला प्यायला तोंडच नाही, आणि वर ओल्या हवेत मऊ जखम. बूड लाकडासारखं टणक झालं, म्हणजे टाच धरली, की मग ते वेगळं व्हायच्या लायकीचं.

नेहमीचा हिशेब असा की पिल्लू आईच्या उंचीच्या निदान एक तृतीयांश व्हावं, निम्म्यापर्यंत थांबलं तर उत्तम. माझ्या झाडाची पानं साधारण सोळा इंच उंच होती, म्हणजे पिल्लू सहा ते आठ इंचांचं व्हायला हवं होतं. पण फूटपट्टीपेक्षा मी आता दोनच गोष्टी बघतो. पिल्लाच्या मधे त्याचं त्याचं चमचाभर पाणी थांबतं का, आणि बूड टणक आहे का. लवकर कापलं तर आईला पुन्हा पिल्लं येण्याची शक्यता वाढते, हे खरं. रोपं विकणारे त्यासाठीच घाई करतात. घरात एकदोन झाडं हवी असतील तर थांबण्यात फायदा आहे, कारण मोठं पिल्लू लवकर फुलतं. अननसाचे बागायतदार हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. बुडाचा जोमदार फुटवा लावला तर साधारण दीड वर्षात फळ येतं आणि फळाच्या डोक्यावरचा शेंडा लावला तर दोन वर्षांच्या आसपास जातात.

दुसरं पिल्लू दिवाळीपर्यंत सात इंचांचं झालं. कापायला तयार होतं, पण पुढे थंडी. थंडीत मुळं फुटायला फार वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात जखम कुजू शकते, म्हणून थांबलो. फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारी पंखा लागायला लागला तेव्हा कापलं. आधी झाड कुंडीतून पूर्ण काढलं, कारण वरून चाचपडत सुरी घातली की हमखास पिल्लाचंच बूड चिरतं. मग खालची वाळलेली पानं काढली. त्याची एक रीत आहे. पान टोकाकडून मधोमध फाडत बुडापर्यंत न्यायचं आणि दोन्ही अर्धे दोन बाजूंना ओढायचे. सालीसारखे निघून येतात आणि पिल्लाचा जोड उघडा पडतो. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घेतली आणि पिल्लू आईच्या खोडाला जिथे चिकटलं होतं तिथे, आईच्या अंगाला घासून, एका दमात कापलं. सुरी आईकडे झुकती हवी. तिचं थोडं खोड कापलं गेलं तर चालेल, पण पिल्लाची टाच पूर्ण राहिली पाहिजे, कारण मुळं तिथूनच येणार. बुडाशी मुळांचे दोनतीन बारीक टिपके दिसत असतील तर नशीब चांगलं. नसले तरी अडत नाही.

कापलेलं पिल्लू लगेच लावायचं नाही. सावलीत, वर्तमानपत्रावर आडवं, दीड-दोन दिवस. जखमेवर कोरडी खपली धरते. कुणी हळद लावतात, लावायला हरकत नाही, पण काम करतो तो कोरडेपणा.

कुंडी चार इंची, प्लास्टिकची, खाली भरपूर भोकं असलेली. मोठी कुंडी म्हणजे मोठी ओल, आणि ओल म्हणजे कूज. बागेची माती अजिबात नको. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग, पूर्ण कुजलेलं पानांचं खत एक भाग, एवढं पुरतं. सोडणाचे तुकडे आधी दोनतीन वेळा पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं, कारण त्यात मीठ असतं. पिल्लू फक्त टाचेपर्यंत पुरायचं. पानांचं बूड मिश्रणाच्या खाली गेलं की तिथे पाणी साचतं आणि माझ्या जूनच्या पिल्लासारखी गत होते. पण इतकं उथळ लावलं की ते डुगडुगतं, आणि डुगडुगणाऱ्या रोपाला मुळं धरत नाहीत, कारण नवं मूळ हललं की मोडतं. म्हणून तीन बाजूंना बांबूच्या काड्या खोचून सुतळीने हलकेच बांधलं. तांब्याची तार घेऊ नका. ब्रोमेलियाडला तांबं मानवत नाही, म्हणून बोर्डो मिश्रण किंवा तांबंयुक्त कोणतंही बुरशीनाशक त्यावर मारायचं नाही. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं ते वापरलेल्या माणसाच्या हाताला ही सवय सोडणं जड जातं, हे मी एका नातेवाइकाकडे पाहिलंय.

पाणी म्हणाल तर द्रोणात दोन चमचे आणि मिश्रण ओलसर, पण चिंब नाही. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवली नाही. पाच आठवड्यांनी दोन बोटांनी हलकं ओढून बघितलं, पिल्लाने ओढ दिली. मुळं धरली होती.

पहिला उन्हाळा मात्र अवघड गेला. पुण्याचा एप्रिल कोरडा असतो आणि गुझमानियाची पानं पातळ. आतली दोन पानं एकमेकांना चिकटून पुंगळीसारखी झाली. ही हवा कोरडी असल्याची खूण. पुंगळी जोराने उलगडली तर पान फाटतं. कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून ते पुंगळीत सोडलं, तासाभराने हलक्या हाताने पानं सोडवली आणि साध्या पाण्याने नीट धुऊन काढलं. मग कुंडी जाळीखालून काढून घरात, खिडकीपासून तीन फुटांवर आणली. थेट ऊन लागलं तर पानावर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. नर्सरीत पिंपासारखं दिसणारं, राखाडी-रुपेरी पट्ट्यांचं, गुलाबी तुऱ्याचं एकमिया असतं, त्याची पानं जाड आणि काटेरी. ते सकाळचं ऊन आणि कोरडी हवा याहून बरी सोसतं आणि त्याची पिल्लं कापायलाही सोपी, फक्त हातमोजे घाला. पहिल्यांदाच करत असाल तर मी एकमियाच सुचवेन.

द्रोणातल्या पाण्याबद्दल मुंबई-पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला हवं. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं कुंड्यांच्या ताटल्या तपासतात, पण झाडाच्या पोटातलं पाणी त्यांच्याही नजरेतून सुटू शकतं. दर चार-पाच दिवसांनी कुंडी तिरपी करून पाणी ओतून टाकायचं आणि नवं भरायचं. यात झाडाचंही भलं आहे, कारण साचून आटलेल्या नळाच्या पाण्याने पानांवर पांढरे क्षार धरतात. पावसाचं पाणी मिळालं तर सर्वात छान. डास मारायला द्रोणात खोबरेल किंवा रॉकेलचा थेंब टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पानांचे खवले तेलाने बुजतात, आणि झाड पिणार तर त्यांनीच. दाणेदार खतही द्रोणात नको, पानं जळतात. पाण्यात विरघळणारं खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत, महिन्यातून एकदा कुंडीतल्या मिश्रणावर दिलं तरी पुष्कळ.

पिल्लू कापायलाच हवं का? नाही. कधीकधी गुझमानियाला एकच पिल्लू येतं आणि ते इतकं मधोमध, तुऱ्याच्या खुंटाला चिकटून, की सुरी घालायला जागाच नसते. तिथे कापण्याचा हट्ट धरणं म्हणजे दोघांनाही मारणं. आईची पानं वाळतील तशी एकेक काढत जायची; वर्षभरात त्या जागी नवं झाड उभं राहतं, जुन्याच मुळांवर. थोडं तिरकं वाढतं, पण कुणाला कळत नाही.

आता फुलाचं. जाळीखालचं माझं पिल्लू तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत आईच्या उंचीचं झालं, पण तुऱ्याचा पत्ता नाही. नर्सरीतली झाडं सणासुदीला बरोबर एकाच वेळी फुललेली कशी असतात? त्यांना इथिलीनचा किंवा तसाच परिणाम करणारा वायू देऊन फुलवलेलं असतं. याचा शोध अननसाच्या मळ्यांतला. काचघरात धूर कोंडला की अननस लवकर फुलतो हे बागायतदारांनी पाहिलं होतं, आणि 1932मध्ये प्वेर्तो रिकोमधल्या रॉड्रिगेझ यांच्या प्रयोगांतून दिसलं की धुरातला इथिलीन हे काम करतो. पिकणारं फळही हाच वायू सोडतं. आपली आंब्याची अढी म्हणजे घरगुती इथिलीनची खोलीच. अढीशेजारी कोपऱ्यात ठेवलेलं अर्धवट वाढलेलं ब्रोमेलियाड अवेळी फुललं तर नवल वाटायला नको. तुरा मात्र तेव्हा केविलवाणा येतो, आणि एकदा आला की ते झाड संपलं. म्हणून पूर्ण वाढ झाल्याशिवाय हा उद्योग करायचा नाही.

मी मेमध्ये द्रोणातलं पाणी पूर्ण ओतून टाकलं. पाणी राहिलं तर वायू शेंड्यापर्यंत नीट पोचत नाही. कुंडीतल्या मिश्रणावर एक पिकलेलं सफरचंद ठेवलं, वरून पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तोंड सुतळीने बांधलं आणि सावलीत दहा दिवस ठेवलं. उन्हात ठेवलं तर पिशवीत झाड शिजेल. दहा दिवसांनी पिशवी काढली, सुरकुतलेलं सफरचंद फेकलं, द्रोण भरला. पुढचे आठ आठवडे काहीच दिसलं नाही. जुलैच्या शेवटी सकाळी पाणी ओतताना द्रोणाच्या तळाशी पानाचं टोक तांबूस दिसलं. आधी वाटलं कूज धरली. ओढून बघितलं, हललं नाही.

आईचा बुंधा, तुरा कापल्यापासून जवळजवळ दीड वर्ष, सज्जाच्या कोपऱ्यात एका फुटक्या टोपलीत पडून होता. पानं केव्हाच गेली होती. तो फेकायला उचलला तेव्हा खालच्या बाजूला अंगठ्याएवढं एक तिसरं पिल्लू होतं. आता ते आठ इंचांचं झालंय. बूड अजून जरा मऊ आहे, म्हणून थांबलोय.